रिफिलच्या तारखांवरून गॅस कधी संपेल हे कसं काढायचं?

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो, घरात पाच माणसं, सिलिंडर एकच. डिलिव्हरीचे मेसेज मोबाइलवर आहेत. त्यांवरून दोन सिलिंडरांमधलं अंतर काढलं ते असं: ३८, ४०, ४४, ३७, ३१, ३८, ४५, ३९ दिवस. सरासरी ३९. म्हणून मी ३६व्या दिवशी बुकिंग करते. तरी चतुर्थीत गॅस आधीच संपला, आणि फेब्रुवारीत सिलिंडर आला तेव्हा जुना चालूच होता. पोचवणारा परत गेला तो पाच दिवसांनी आला. नेमका अंदाज कसा काढायचा?

उत्तर:

तुमची सरासरी बरोबर आहे. घोळ आहे तो ज्या आकड्यांची सरासरी काढली त्यांत. मी कुंडईच्या एका कारखान्यात वीस वर्षं स्टोअर्स सांभाळतो. तिथे माल कधी संपेल हे ठरवण्याआधी आम्ही एक गोष्ट तपासतो: हाताशी असलेली तारीख माल आल्याची आहे, उघडल्याची आहे की संपल्याची? तुमच्या मेसेजमधली तारीख माल आल्याची आहे, आणि तुम्हाला हवी आहे ती संपण्याची.

एकच सिलिंडर असलेल्या घरात रिकामा दिल्याशिवाय भरलेला मिळत नाही. त्यामुळे दोन डिलिव्हरींमधल्या दिवसांत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: गॅस खरोखर जळत होता ते दिवस आणि सिलिंडर रिकामा होऊन चूल बंद होती ते दिवस. दुसऱ्या प्रकाराला मी कोरडे दिवस म्हणतो. तुमच्या यादीतला ४५ हा बहुधा फेब्रुवारीचाच असणार. पोचवणारा परत गेला, पुढच्या एक-दोन दिवसांत गॅस संपला आणि उरलेले दिवस तुम्ही कशावर तरी भागवलं. म्हणजे तो सिलिंडर ४५ दिवस चाललाच नाही. ४४ बद्दलही मला तीच शंका आहे. आठवून बघा, त्या वेळी डिलिव्हरीला उशीर झाला होता का? असे कोरडे दिवस सरासरीत शिरले की सरासरी फुगते, तुम्ही बुकिंग पुढे ढकलता आणि पुढच्या वेळी पुन्हा कोरडे दिवस येतात. चूक स्वतःलाच पोसत राहते.

म्हणून आजपासून मेसेजवर विसंबू नका. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन खुणा करा, सिलिंडर लावला त्या दिवशी ‘ला’ आणि संपला त्या दिवशी ‘सं’. ‘ला’पासून ‘सं’पर्यंतचे दिवस म्हणजे सिलिंडरचं खरं आयुष्य. जुन्या यादीतल्या ज्या आकड्यांत कोरडे दिवस असल्याचं आठवतंय त्यांतून ते वजा करा. आठवत नसेल तर तो आकडा सरळ सोडून द्या. आठांतले सहा खरे आकडे आठ संशयास्पद आकड्यांपेक्षा बरे.

ज्यांच्याकडे दोन सिलिंडर आहेत त्यांची यादी वेगळ्या तऱ्हेने फसवते. तिथे आलेला सिलिंडर कोपऱ्यात वाट बघत उभा असतो. एखाद्या वेळी दहा दिवस लवकर मागवला तर अंतर ३२ दिसतं आणि पुढचं ५२. गॅस दोन्ही वेळा ४२ दिवसच चाललेला असतो. यादीत लहान आकड्यानंतर लगेच मोठा, असं पुन्हा पुन्हा दिसत असेल तर समजायचं की त्यातून स्वयंपाक कळत नाही, बुकिंगची सवय कळते. तिथेही लावल्याचीच तारीख लिहायला हवी.

आता चतुर्थीकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे. ३१ दिवसांचा सिलिंडर हा अपघात नव्हता, तो आधीच सांगता आला असता. मी हे २०२३ साली शिकलो. तेव्हा आमच्याकडेही एकच सिलिंडर होता. चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, सरासरी बघून मी निश्चिंत होतो आणि आदल्या संध्याकाळी नेवऱ्यांचा दुसरा घाणा तेलात असताना ज्योत बसली. आईने उरलेल्या नेवऱ्या शेजारच्या घरी नेऊन तळल्या. पुढच्या महिन्यात मी दुसऱ्या सिलिंडरसाठी अर्ज दिला आणि नोंदवही सुरू केली.

घरात आम्ही चौघे. दुसरा सिलिंडर असल्यामुळे एक संपला की त्याच दिवशी दुसरा लागतो, त्यामुळे माझ्या नोंदीत कोरडे दिवस नाहीत. ३ जून २०२४ पासून पुढच्या नऊ सिलिंडरांचं आयुष्य असं आहे: ४३, ४१, ३३, ४३, ४२, ४०, ४४, ४२, ३५ दिवस. सरासरी ४०च्या जरा वर येते. पण यादी नीट बघितलीत तर बरोबर ४० दिवसांचा असा आमच्याकडे एकच सिलिंडर आहे. सात सिलिंडर ४० ते ४४च्या पट्ट्यात बसतात आणि दोन त्यातून खाली पडतात. त्या दोघांमुळे सरासरी मोठ्या गटाच्या अगदी खालच्या टोकाला ओढली जाते आणि दोन्ही गटांना नीट लागू पडत नाही. म्हणून मी सरासरीऐवजी मधला आकडा घेतो: सगळे आकडे चढत्या क्रमाने लावले की बरोबर मध्ये येतो तो. माझ्या यादीत तो ४२ आहे. स्प्रेडशीटमध्ये नोंद ठेवत असाल तर हे सूत्र पुरे:

```
=MEDIAN(B2:B10)
```

साधे दिवस असतील तर ४२ हा माझा अंदाज. मग ३३ आणि ३५चं काय? ३३वाला चतुर्थीचा, ३५वाला मे महिन्याचा. दोन्ही वेळा घरात माणसं जास्त होती. गॅस दिवसांनी संपत नाही, ताटांनी संपतो. म्हणून मी दिवस मोजायचं सोडून माणूस-दिवस मोजतो, म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा स्वयंपाक. चार माणसं ४२ दिवस म्हणजे १६८ माणूस-दिवस. आमच्या घरात १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे ही एवढी शिल्लक, बँकेतल्या खात्यासारखी. रोज त्यातून घरातल्या माणसांइतका आकडा कमी करत जायचा.

२०२४च्या चतुर्थीला मी हे गणित पहिल्यांदा आधी मांडून बघितलं. सिलिंडर लावला २६ ऑगस्टला, चतुर्थी होती ७ सप्टेंबरला. पुण्याहून भावाचं चार जणांचं कुटुंब ५ तारखेला येणार आणि १२ला रात्री परतणार होतं. २६ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर हे दहा दिवस चार माणसं, म्हणजे ४० गेले. ५ ते १२ हे आठ दिवस आठ माणसं, म्हणजे ६४ गेले. एकूण १०४. राहिले ६४, ते चार माणसांना १६ दिवस पुरणार, म्हणजे २८ सप्टेंबरपर्यंत. नुसत्या ४२ दिवसांच्या हिशेबाने तारीख आली असती ७ ऑक्टोबर. प्रत्यक्षात गॅस २८ सप्टेंबरला सकाळी पेज शिजत असताना संपला. साध्या अंदाजाची नऊ दिवसांची चूक इथे एका दिवसाच्याही आत आली. त्यासाठी लागलं काय, तर पाहुण्यांची जाण्या-येण्याची तारीख, जी आपल्याला महिनाभर आधी माहीतच असते.

मे महिन्यात भाचे दोघे पंधरा दिवस होते. ३५ दिवस चार माणसं म्हणजे १४०, अधिक भाच्यांचे ३०, एकूण १७०. पुन्हा जवळपास तोच आकडा.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र मला नंतर कळली. माणसं वाढली तेव्हा हिशेब जुळला, कमी झाली तेव्हा जुळला नाही. मुलगा हॉस्टेलला गेल्यावर आम्ही तिघे राहिलो. हिशेबाने १६८ भागिले ३, म्हणजे ५६ दिवस जायला हवे होते. सिलिंडर ४८ दिवसांत संपला. कारण उघड आहे. चहाचं आधण, कुकर तापेपर्यंतचा वेळ, हुमणाचं भांडं, उकड्या तांदळाचं पाणी, यांत तिघांसाठी आणि चौघांसाठी फारसा फरक पडत नाही. उकडा तांदूळ तर दोन मुठी असो की चार, शिजायला तेवढाच वेळ घेतो. पाहुणे येतात तेव्हाही हे तसंच असायला हवं, पण पाहुण्यांबरोबर तळण, खतखते, पातोळ्या, दिवसातून चार वेळा चहा हेही येतं आणि वाचलेला गॅस तिथे जातो. म्हणून माझा नियम असा: पाहुणा आला तर पूर्ण एक धरायचा, घरातला माणूस गेला तर अर्धाच वजा करायचा. तिघांना साडेतीन धरलं की १६८ भागिले ३.५ बरोबर ४८ येतात. हा नियम आमच्या घरचा आहे. तुमचं अर्धं कदाचित पाव असेल, ते तुमच्या दोन-तीन नोंदींवरून ठरेल.

परिस्थितीवर आणखी काय अवलंबून आहे तेही सांगतो. आंघोळीचं पाणी तुम्ही कशावर तापवता? आमच्याकडे न्हाणीत अजून लाकडांवर भाण असतं. जूनमध्ये लाकडं भिजली की दोन-चार दिवस पाणी गॅसवर चढतं. एका माणसाच्या बादलीभर पाण्याला जेवढा गॅस जातो तेवढ्यात दोन वेळचं हुमण होईल. असं काही असेल तर पावसाळ्यातले सिलिंडर वेगळे धरा, वर्षभराच्या यादीत मिसळू नका. श्रावणात नुस्ते बंद होऊन डाळी-कडधान्यं वाढली म्हणून फरक पडेल असं मला वाटलं होतं, पण माझ्या नोंदीत तसं काही दिसलं नाही.

आता तुमचं घर घेऊ. ४४, ४५ आणि चतुर्थीचा ३१ बाजूला ठेवले तर उरतात ३८, ४०, ३७, ३८, ३९. मधला आकडा ३८. पाच माणसं, म्हणजे तुमचा सिलिंडर १९० माणूस-दिवसांचा. आणि बघा, उरलेले आकडे किती जवळ जवळ आहेत: ३७ ते ४०. तुमचं स्वयंपाकघर मुळीच बेभरवशाचं नाही, यादी तशी दिसत होती एवढंच.

यावरून बुकिंगचा दिवस काढताना दोन्ही बाजूंचं नुकसान तोलायला हवं, कारण एका सिलिंडरच्या घरात लवकर बुकिंग करणंही फुकट पडत नाही. जुन्यात दोन दिवसांचा गॅस असताना तो परत दिलात तर तुमच्या घरी साधारण पाऊण किलो गॅस गेला, सिलिंडरचा जवळपास विसावा भाग. उलट दोन दिवस चूल बंद राहिली तर पाच माणसांचं बाहेरचं जेवण त्याच्या कितीतरी पट महाग पडतं. त्यामुळे अंदाज थोडा अलीकडचाच धरा. पण फार अलीकडे गेलात तर फेब्रुवारीसारखं होतं.

इथे तुम्हाला आणखी एक नोंद लागेल जी तुम्ही प्रश्नात दिलेली नाही: बुकिंग केल्यापासून डिलिव्हरीला किती दिवस लागतात. मेसेजमध्ये दोन्ही तारखा असतात, गेल्या आठ वेळांचा फरक काढा. एकच सिलिंडर होता तेव्हा माझ्याकडे बहुतेक वेळा दोन-तीन दिवस लागत, पण चतुर्थीच्या तोंडावर एकदा सहा लागले होते. सगळं गाव त्याच आठवड्यात बुकिंग करतं, त्यामुळे ज्या काळात तुमचा गॅस लवकर संपतो नेमक्या त्याच काळात तो यायलाही उशीर होतो. समजा तुमच्याकडे एरवी तीन दिवस लागतात. मग साध्या महिन्यात ३८ वजा ३, म्हणजे ३५वा दिवस. चतुर्थीत आधी माणूस-दिवसांनी संपण्याची तारीख काढा आणि तिच्यातून सहा वजा करा. दोन बुकिंगमध्ये किमान अंतर ठेवण्याचा नियमही असतो, तो त्या आठवड्यात आडवा येत नाही ना हे आधी बघून ठेवा.

इथपर्यंत सगळा अंदाज झाला. पण स्टोअर्समध्ये आम्ही तारखेवर माल मागवत नाही, पातळीवर मागवतो. शिल्लक अमुक इतकी झाली की ऑर्डर. सिलिंडरची शिल्लक डोळ्यांना दिसत नाही एवढीच अडचण, आणि त्याला वजनकाटा पुरतो. माणसांचं वजन करायचा साधा काटा चालतो. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं किंवा रंगवलेलं असतं, बहुधा १५-१६ किलोच्या आसपास. प्रत्येक सिलिंडरचं वेगळं असतं, म्हणून दर वेळी वाचायचं. शेगडी आणि रेग्युलेटर दोन्ही बंद करायचे, रेग्युलेटर काढायचा, सिलिंडर काट्यावर उभा करायचा आणि आलेल्या वजनातून ते कोरलेलं वजन वजा करायचं.

माझ्या एका सिलिंडरवर १५.६ किलो लिहिलं होतं. तिसाव्या दिवशी तो १९.७ भरला. म्हणजे आत ४.१ किलो, आणि तीस दिवसांत गेला १०.१ किलो, रोजचा साधारण ३४० ग्रॅम. ४.१ किलो बारा दिवस पुरणार. तो ४२व्या दिवशी संपला. तुमच्या घरी २८व्या दिवशी वजन करा. ३८ दिवसांच्या हिशेबाने रोजचा गॅस साधारण ३७५ ग्रॅम होतो, म्हणजे तेव्हा पावणेचार किलोच्या आसपास उरायला हवा. तेवढाच उरला असेल तर ३५वा दिवस कायम. एक किलो कमी असेल तर बुकिंग अडीच-तीन दिवस अलीकडे घ्या. घरच्या काट्यात अर्ध्या किलोची चूक असू शकते, ती दीड दिवसाची होते, म्हणून दर वेळी तोच काटा वापरा. आलेला सिलिंडरही दारातच वजन करून घ्या. पोचवणाऱ्याकडे काटा असायला हवा आणि वजन करून मागणं हा आपला हक्क आहे. सुरुवातीलाच अर्धा किलो कमी असेल तर कुठलंही गणित जुळणार नाही.

ज्योतीकडे बघून कळेल या भरवशावर राहू नका. आत द्रवरूप गॅस आहे तोवर दाब जवळजवळ तसाच टिकतो, आणि आपल्याकडे थंडी नसल्यामुळे शेवटपर्यंत टिकतो. ज्योत बसायला लागली म्हणजे उरली ती मिनिटं. काटा नसेल तर निदान ओलं फडकं सिलिंडरवरून फिरवा. गॅसच्या पातळीखालचा भाग उशिरा वाळतो, तिथे ओली रेघ काही क्षण दिसते. त्यावरून अर्धा की पाव एवढंच समजतं, दिवस कळत नाहीत.

एक गोष्ट मात्र हिशेबाबाहेरची. पाहुणे नाहीत, सण नाही, वजन पूर्ण होतं आणि तरी सिलिंडर ३० दिवसांत संपला, तर तो आकडा अपवाद म्हणून सोडून देऊ नका. बर्नरची भोकं बुजून ज्योत पिवळी झाली आहे का, भांड्यांचे बूड काळे पडतात का ते बघा. रेग्युलेटरच्या जोडावर आणि नळीवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी लावून कधीही बघू नका. वास येत असेल तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं बटण चालू-बंद करू नका आणि १९०६ या गॅसच्या तातडीच्या क्रमांकावर फोन करा. आमच्या शेजारी नळीला चीर पडली होती. ती कळण्याआधीचे लागोपाठ दोन सिलिंडर सहा-सहा दिवस आधी संपले होते, पण तारखा लिहिलेल्याच नव्हत्या, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

हीच रीत उकड्या तांदळाच्या पोत्याला, तेलाच्या डब्याला लावता येते, फक्त तिथे आणल्याची नाही तर फोडल्याची तारीख लिहायची. पण डब्यात हात घालून शिल्लक कळते अशा वस्तूंना मी हा खटाटोप करत नाही.

तुमच्यासाठी तर शक्य असेल तर दुसरा सिलिंडर घेणं सगळ्यांत सोपं. एजन्सीत अनामत भरावी लागते. मग दुसरा लावला त्याच दिवशी बुकिंग करायचं, की एवढा हिशेबच लागत नाही. ते होईपर्यंत चालू सिलिंडर कधी लावला ती तारीख मेसेजमधून काढून आजच कॅलेंडरवर लिहा आणि २८व्या दिवसावर ‘वजन’ असं लिहून ठेवा. तेव्हा किती किलो भरलं ते इथे कळवलंत तर पुढची तारीख आपण मिळून काढू.